बंद केल्यानंतरचं पहिलं मिनिट

मी समुपदेशक बाईंकडे गेलो ते झोपेची तक्रार घेऊन. रात्री दोन-अडीचपर्यंत जाग, सकाळी डोकं जड, दुपारी कामात चुका. मालिका बघणं हा माझ्या लेखी प्रश्नच नव्हता, ती माझी विश्रांती होती. दिवसभर हिशेब तपासून डोकं शिणतं, घरी आल्यावर चार भाग बघितले तर बिघडलं कुठे, असं मी त्यांना म्हणालोही. त्यांनी वाद घातला नाही. एवढंच विचारलं, "बंद केल्यावर पहिल्या मिनिटात काय होतं?"

मला सांगता येईना, कारण ते मिनिट मी कधी येऊच देत नव्हतो. एक भाग संपला की पडद्याच्या कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जातात आणि पुढचा सुरू होतो. मालिका संपलीच तर हातातल्या फोनवर गेम उघडलेला असायचा. बहुतेक रात्री टीव्ही चालू असतानाच डोळा लागायचा, आणि तसाच लागावा म्हणून तर तो चालू असायचा.

"आज एकदा बंद करून बघा," त्या म्हणाल्या. "झोप अनावर व्हायच्या आधी, चांगले जागे असताना. आणि एक मिनिट हातात काही घेऊ नका."

त्या रात्री तिसरा भाग मध्येच थांबवून मी टीव्ही बंद केला. काळ्या काचेत मागचा दिवा आणि सोफ्यावर बसलेला माझा आकार दिसत होता. आठ-दहा सेकंद काहीच नाही. मग बरगड्यांच्या खाली, पोटाच्या वरच्या अंगाला कुणीतरी मूठ आवळावी तसं झालं, आणि हात रिमोटकडे गेला. हात आधी गेला, विचार मागून आला. विचार एकाच शब्दाचा होता: संदेश.

हा संदेश आठ महिने माझ्या फोनमध्ये न ऐकलेला पडून होता. शाळेपासूनच्या मित्राचा, आवाजी, ३ मिनिटं ४२ सेकंदांचा. त्याची आई गेली तेव्हा मी भेटायला गेलो नव्हतो. पहिल्या दिवशी कामात अडकलो होतो, दुसऱ्या दिवशी आता काय बोलायचं ते सुचेना, आणि आठवडा उलटल्यावर उशीर झाल्याचीच लाज वाटायला लागली. तीन आठवड्यांनी त्याचा हा संदेश आला. त्याच्या आईच्या हाताखाली माझं अर्धं बालपण गेलं होतं. मी तो उघडला नाही.

म्हणजे हे सगळं मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण रात्रीचे चार तास आणि तो संदेश यांचा एकमेकांशी काही संबंध आहे हे मात्र कधी दिसलं नव्हतं.

बाईंनी तीन आठवडे नोंद ठेवायला सांगितली. साधी शाळकरी वही, रोज एक ओळ. टीव्ही किंवा गेम सुरू करायच्या आधीच्या दहा मिनिटांत काय झालं, त्या वेळी मनात काय होतं आणि ते अंगात कुठे जाणवत होतं, त्याला शून्य ते दहामधला आकडा. किती भाग बघायचे ठरवले, किती बघितले. बंद केल्यावरच्या पहिल्या मिनिटाला आकडा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या पुन्हा एक आकडा. वेळ मोजायला मात्र त्यांनी मुद्दाम सांगितलं नाही. किती तास हे विचारलं की माणूस चोर-पोलीस खेळायला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या चार दिवसांत मी "मनात काय" या रकान्यात एकच शब्द लिहिला: थकवा. त्यांनी वही बघितली आणि म्हणाल्या, "थकवा ही अवस्था झाली. भावना कोणती?" यावर मी जरा चिडलोच. पण पाचव्या दिवसापासून पेन टेकवून थांबायला लागलो, आणि थकव्याच्या जागी दुसरे शब्द आले. लाज. कंटाळा. एकदा भीती. एकदा नुसतं "नको".

दोन आठवडे झाल्यावर वहीतलं जे मला पहिल्यांदा टोचलं ते हे: सगळ्यात लांब बैठका सगळ्यात हलक्या दिवसांच्या होत्या. गोदामातला माल मोजायला दिवसभर उभं राहावं लागलं त्या दोन्ही दिवशी मी एक भाग बघून झोपलो होतो. आणि ज्या दिवशी काम लवकर आटोपून सहाला घरी आलो, हाताशी काहीच नव्हतं, त्या दिवशी सहा भाग. थकवा हेच कारण असतं तर उलटं दिसायला हवं होतं. थकलेल्या माणसाला झोप येते. मला रिकामा वेळ सोसत नव्हता.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या चालीत होती. एका मंगळवारची ओळ तशीच्या तशी देतो. "फोन चार्जिंगला लावताना त्याचं नाव दिसलं. लाज, पोटात, ७. ठरवले २, बघितले ५. बंद केल्यावर ८. सकाळी ७." मधला एक आकडा वहीत नव्हता, पण मला आठवत होता: मालिका सुरू झाल्यावर पहिल्या पाच मिनिटांत सातचे दोन झाले होते. बाईंनी त्याच मधल्या आकड्यावर बोट ठेवलं. सगळी सवय तिथे तयार होते, म्हणाल्या.

त्यांनी समजावलं ते असं. एखादी कृती केल्यावर काही चांगलं मिळालं तर ती पुन्हा करावीशी वाटते, हे आपल्याला माहीत असतं. पण एखादी कृती केल्यावर काही वाईट *थांबलं* तरी ती तितकीच पक्की होते. मानसशास्त्रात याला नकारात्मक प्रबलन म्हणतात. नावात नकारात्मक असलं तरी त्याचा शिक्षेशी संबंध नाही, काहीतरी वजा होतं एवढाच अर्थ. माझ्या बाबतीत पोटातली मूठ वजा होत होती, आणि तीसुद्धा पाच मिनिटांच्या आत. त्यामुळे मालिका चांगली असण्याचीही गरज नव्हती. खरंच, त्या महिन्यांत बघितलेल्या मालिकांपैकी निम्म्यांची गोष्ट मला आज सांगता येणार नाही.

आणि मूठ गेलेली नसे, थोपवून धरलेली असे. म्हणून बंद केल्यावर सातचे आठ. वाढलेला एक आकडा होता तो आणखी एक संध्याकाळ घालवल्याचा, संदेश आणखी एक दिवस जुना झाल्याचा.

याच वहीत दुसऱ्या जातीच्या ओळीही होत्या, आणि त्या नसत्या तर मी सगळा दोष पडद्याला देऊन मोकळा झालो असतो. दर शनिवारी संध्याकाळी माझा भाचा आणि मी आपापल्या घरून एकत्र गेम खेळतो. शहर वसवायचं, रस्ते आखायचे, पाणी पोचवायचं. एका शनिवारची नोंद: "कामाची कटकट, खांद्यात, ५. ठरवलं दीड तास, खेळलो पावणेदोन. बंद केल्यावर २. सकाळी २." खेळताना तो ओरडत असतो, "मामा, तुझा पूल चुकलाय, पाडून टाक!" आणि मी खरंच तो पाडून नव्याने बांधत असतो. संपल्यावरचं मिनिट रिकामं नसतं, त्या पुलाचाच विचार डोक्यात असतो. दुसऱ्या दिवशीसुद्धा मला तो पूल आठवतो.

आता गंमत बघा, हाच गेम बुधवारी रात्री बारानंतर मी एकट्याने खेळलो होतो तेव्हा ओळ वेगळी होती. आधी ६, नंतर ७, ठरवला अर्धा तास, खेळलो अडीच. त्या रात्री मी काय बांधलं ते मला आठवतसुद्धा नाही. गेम तोच, माणूस तोच.

बाईंनी सांगितलं की हा फरक संशोधकांनी नीट मांडला आहे. नॉर्वेतले फ्रोडे स्टेनसेंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एखाद्या कामात बुडून जाण्याचे दोन प्रकार दाखवले: एकात माणूस स्वतःला नको असलेलं दाबायला बुडतो, दुसऱ्यात स्वतःमध्ये काही भर पडावी म्हणून बुडतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. त्याआधी २००७ मध्ये साबीने झोननटाग आणि शार्लट फ्रिट्झ यांनी कामानंतर माणूस कशाने सावरतो यासाठी चार अनुभव सांगितले होते: कामातून मन सुटणं, शरीर-मन सैलावणं, काहीतरी जमल्याचं वाटणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. मी माझ्या ओळी या चारांवर लावून बघितल्या. शनिवारी चारही थोडेफार होते. मंगळवारी मन सुटल्यासारखं वाटत होतं, पण बंद केल्याबरोबर ते जागच्या जागी, आणि चौथं तर अजिबात नव्हतं. दोन ठरवून पाच बघितले, तर वेळ माझ्या हातात होता असं कोण म्हणेल?

तेव्हापासून माझ्यापुरती पारख तीन ठिकाणी होते. सुरू करायच्या लगेच आधी काय झालं. ठरवलं तिथे थांबता आलं का. आणि बंद केल्यावरच्या पहिल्या मिनिटात काय परत आलं. यातलं शेवटचं सगळ्यात भरवशाचं. पहिल्या दोन बाबतीत मन स्वतःची समजूत घालू शकतं, तिसऱ्याच्या वेळी पोट खोटं बोलत नाही.

तिसऱ्या आठवड्यात सुरू करण्याआधी दहा मिनिटं थांबायचं ठरलं. मालिका बंद करायची नाही, बघायचीच, पण आधी दहा मिनिटं. फोन दुसऱ्या खोलीत, घड्याळ समोर, आणि जी भावना असेल तिचं नाव मोठ्याने म्हणायचं. तिला घालवायचं नाही, तिच्यावर उपाय शोधायचा नाही, फक्त ती अंगात कुठे आहे, वाढते की कमी होते, ते बघत राहायचं. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम केलेले अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट तल्लफेला लाट समजायला शिकवत. ती चढते, माथ्याला पोचते आणि तिच्या म्हणण्यासारखं वागलं नाही तरी ओसरते. आपण माथ्यावरच हार मानतो म्हणून ती ओसरतानाची कधी दिसत नाही.

माझा पहिला दिवस असा गेला. मिनिट दोन: पोटात ७. मिनिट चार: ८, आणि सोफ्यावरून उठून कपाट आवरावं अशी जबरदस्त इच्छा. मिनिट सहा: ८, घशाशी आवंढा. मी म्हणालो, "लाज वाटतेय." स्वतःचा आवाज खोलीत विचित्र वाटला. मग बोलून गेलो, "आणि काकूंची आठवण येतेय." हे दुसरं वाक्य ठरवलेलं नव्हतं. आठ महिन्यांत मी मित्राबद्दल, माझ्या चुकीबद्दल शंभर वेळा विचार केला होता, पण त्याची आई गेली याचं मला दुःख झालंय, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. लाजेनं ते झाकून टाकलं होतं. नवव्या मिनिटाला आकडा ५ होता आणि डोळे ओले होते. त्यानंतर मी एक भाग बघितला आणि थांबलो.

दर वेळी असं होत नाही, आणि मी काय काय चुकवलं तेही सांगायला हवं, कारण चुका बहुतेकांच्या याच होत असाव्यात. पहिली चूक, मी दहा मिनिटांचं तिकीट करून टाकलं. दहा मिनिटं कशीबशी ढकलायची की मग पाच भाग हक्काचे. वहीत ते लगेच दिसलं, कारण शेवटचा आकडा पुन्हा आठवर गेला. दुसरी चूक, एकदा जोशात येऊन आठवडाभर टीव्ही पूर्ण बंद ठेवला. त्या आठवड्यात मी संदेशाच्या जागी घरातली सगळी कागदपत्रं लावून काढली, झोपेवरचे लेख वाचले, व्यायामाचा तक्ता केला. बाई म्हणाल्या, "आकडे लिहिलेत का?" लिहिले नव्हते, कारण पडदा नव्हता. लिहिले असते तर मंगळवारसारखेच आले असते. पळायला टीव्हीच लागतो असं नाही, लोकांनी कौतुक करावं अशा कामातही पळता येतं. रविवारी बंदी संपली तेव्हा दुपारी दोनपासून रात्री एकपर्यंत मी बघतच बसलो.

तिसरी चूक जरा नाजूक आहे. वही सुरू केल्यापासून मला शनिवारच्या खेळातही अपराधी वाटायला लागलं. हेही पळणंच असेल का, असं खेळताना मनात येई, आणि दोन आठवडे बंद केल्यावरचा आकडा २ ऐवजी ४ आला. बाईंनी लिओनार्ड राइनेके आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं काम सांगितलं: दिवसभराने दमलेली माणसं पडद्यासमोर बसल्यावर ते स्वतःचं टाळाटाळ करणं मानतात, अपराधी वाटून घेतात, आणि त्या अपराधीपणामुळे त्यांना पुरता आराम मिळत नाही. म्हणजे ज्याला विश्रांतीची खरी गरज असते त्याच्याच पदरात ती कमी पडते. त्यानंतर शनिवारची नोंद मी बंद केली. सगळंच तपासत बसायचं नसतं.

रात्री उशिराची वेळही माझ्या विरुद्ध होती. साडेअकराला दहा मिनिटं बसणं म्हणजे रिकाम्या भांड्यातून पाणी काढणं. म्हणून ती दहा मिनिटं कामावरून आल्याआल्या, बूट काढल्यावर लगेच, सव्वासातला ठेवली. या एका बदलाने बाकी सगळ्यापेक्षा जास्त फरक पडला.

बाराव्या किंवा तेराव्या दहा मिनिटांनंतर मी संदेश ऐकला. ठरवून नाही. आकडा ४ वर आला होता आणि ४ असताना ते करता येईल असं वाटलं. पहिली काही सेकंदं नुसता श्वास. मग तो म्हणाला, घरात आईचा हसतानाचा एकही फोटो सापडत नाही, सगळे गंभीर, समोर बघणारे. आपण शाळेत असताना सहलीला गेलो होतो, तुझ्याकडे कॅमेरा होता, त्यात ती असेल. असेल तर पाठव. मध्ये एकदा तो थांबला आणि म्हणाला, "तू आला नाहीस. असो, असशील कामात." पुढे शेवटपर्यंत त्या सहलीच्याच गोष्टी.

रागावलेला आवाज ऐकायला लागेल म्हणून मी आठ महिने घाबरत होतो. राग नव्हता. पण ऐकून हलकं वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. त्याला आठ महिन्यांपूर्वी एक फोटो हवा होता आणि तो माझ्या कपाटातल्या जुन्या अल्बममध्ये होता. त्या रात्री आकडा ९ आला. मी टीव्ही लावला नाही, गेमही नाही. अल्बम काढून बसलो.

इथे एक सांगायला हवं. प्रत्येक पळण्यामागे असा एक संदेश सापडतोच असं नाही, आणि काही वेळा मन दुसरीकडे नेणं हेच बरोबर असतं. तपासणीचा निकाल यायचा असेल आणि सकाळपर्यंत करण्यासारखं काही नसेल, तर चार भाग बघून रात्र काढण्यात मला काही वावगं वाटत नाही. तिथे टाळण्यासारखं कामच नसतं. शिवाय दहा मिनिटं बसल्यावर जुने भयानक प्रसंग डोळ्यांपुढे यायला लागले, श्वास कोंडला, तर हे एकट्याने करायचं काम नाही. काहीच आवडेनासं झालं असेल, आवडता गेमसुद्धा, तर ते मनाचं आजारपण असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या यादीत गेम खेळण्याच्या विकाराचा समावेश केला आहे. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी आयुष्यापेक्षा खेळ वरचढ होणं, नुकसान दिसत असूनही चालूच राहणं, आणि हे साधारणपणे १२ महिने टिकणं, ही त्याची खूण. माझं तिथवर गेलेलं नव्हतं. वहीच्या भरवशावर बसायचं की नाही हे ठरवताना बाईंनी मला आधी हेच सगळं विचारलं होतं.

फोटो सापडला. काकू बसच्या पायरीवर उभ्या आहेत, एका हातात आम्हा दोघांची दप्तरं, आणि कुणाच्या तरी बोलण्यावर डोळे मिटून हसताहेत. मी त्याचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, "मी यायला हवं होतं. तुझा संदेश आज ऐकला. माफ कर." आणखी काही लिहावंसं वाटत होतं, कारणं, पण ती मी पुसली.

दोन दिवस उत्तर आलं नाही. त्या दोन रात्रींच्या ओळी वहीत आहेत: दोन्ही वेळा आधी ७, आणि पहिल्या रात्री मी ठरवलेल्यापेक्षा दोन भाग जास्त बघितले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी उत्तर आलं. "मिळाला. हाच हवा होता. ये कधीतरी."

त्या दिवसाची ओळ: "त्याचं उत्तर आलं. वाईट वाटतंय, घशात, ५. ठरवले २, बघितले २. बंद केल्यावर ४. रविवारी जाणार आहे."